थंड कपाटाची किंमत

काशीरामनं वायर कापली तेव्हा मैना लिंबं पिळत होती. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली, कोर्टातले दोन कारकून त्यातच. काशीराम स्टुलावर चढला, मागच्या खोलीकडे जाणारी वायर पकडीनं तोडली आणि खाली उतरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमचा दिवा आमचं दुकान खातोय. आजपासून कंदील लावा."

कारकून हसले. हातातलं लिंबू मैनानं इतकं पिळलं की साल फाटून बिया रसात पडल्या, आणि मग त्या एकेक करून वेचत बसली.

रत्नागिरीच्या बाजारात, कोर्टाकडे वळणाऱ्या रस्त्यावर ते सरबताचं दुकान होतं. ते थाटलं मैनाच्या नवऱ्यानं, भागोजीनं. भागोजी मुंबईला एका मोठ्या हॉटेलात यंत्रं पुसण्याच्या कामाला होता. गावात वीज आली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या हॉटेलानं आपला जुना फ्रिज काढून टाकला. भागोजीनं तो घेतला, आगबोटीत चढवला, भगवती बंदराला होडीत उतरवला आणि सहा माणसं लावून बाजारात आणला. फ्रिज हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी बसला नव्हता. लोक म्हणायचे थंड कपाट. पहिल्या उन्हाळ्यात तर नुसतं कपाट बघायला लांज्याहून माणसं आली. दार उघडलं की हात आत घालायची आणि 'आई गो' म्हणून मागे घ्यायची.

पाटीवर नाव भागोजीचं होतं. पण भागोजी तिसऱ्या वर्षी तापानं गेला, आणि तेरावं उरकलं त्याच आठवड्यात धाकट्या भावानं, काशीरामनं, पाटी रंगवून घेतली. दुकान दोघा भावांचं, असं पंचांनी सांगितलं. दोघांतला एक गेला म्हणजे उरलेल्याचं. मैनाला मूलबाळ नव्हतं. तिला मागची खोली मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, आणि पहाटेपासून लिंबं पिळणं, कोकमं भिजवणं, पेले धुणं. कपाटाला मात्र हात लावायचा नाही. "बायकांनी यंत्रात पडू नये," काशीराम म्हणायचा.

यंत्रात पडायचं नाही म्हणजे काय, हे मैनालाच ठाऊक होतं. भागोजी असताना ते कपाट तीच सांभाळायची. मागच्या नळ्यांवर धूळ बसली की ती मऊ झाडूनं काढायची, कारण आतली ऊब त्या नळ्यांतून बाहेर पडते. धूळ बसली की ऊब अडते आणि यंत्र धापा टाकत राहतं. आत बर्फाचा थर बोटभर झाला की कपाट बंद करून तो वितळू द्यायचा. आणि दाराच्या कडेचं रबर. भागोजी दारात कागदाचा कपटा धरून दार लावायचा आणि तिला म्हणायचा, "ओढ बघू." कपटा अडकून राहिला तर रबर चांगलं. सहज हातात आला तर तिथून गार हवा रात्रंदिवस बाहेर चाललीय असं समजायचं.

आता नळ्यांवर दोन वर्षांची धूळ होती. बर्फाचा थर वीतभर झाला होता. रबर कडक होऊन जागोजागी फुटलं होतं. त्यात काशीरामनं चहा सुरू केला आणि चुलाण मांडलं ते नेमकं कपाटाच्या कुशीला. यंत्र पूर्वी थोडा वेळ चालायचं, मग गप्प व्हायचं. आता ते गप्प होतच नसे. मागच्या खोलीत अंधारात पडल्या पडल्या मैना ती घरघर ऐकायची आणि मनात म्हणायची, खा. खा त्याला. विजेचं बिल महिन्यामागून महिने चढत होतं आणि काशीरामला वाटत होतं ते मैनाच्या दिव्यामुळं.

तो दिवा म्हणजे पंचवीस वॅटचा एक बल्ब. संध्याकाळी दोन तास ती त्याच्या उजेडात पेले पुसायची. दुकानाचेच पेले.

सन अडतीसच्या शिमग्यानंतर गंगाराम नावाचा एक एजंट मुंबईहून आला. अंगात कोट, हातात चित्रांचं पुस्तक. एका कंपनीचे नवे फ्रिज तो विकत होता. सरबताची दुकानं, दवाखाने, बंगले, सगळीकडे फिरून तो काशीरामकडे आला, कपाटाची घरघर ऐकली आणि विचारलं, "हे बंद कधी होतं?"

"चांगलं चालतंय," काशीराम म्हणाला.

"चालतंय हीच तर भानगड आहे. शेठ, बिल किती येतं?"

काशीरामनं आकडा सांगितला आणि मागच्या खोलीकडे मान वळवली. "पण आता कमी होईल. दिवा तोडलाय."

गंगाराम हसला. "अंदाजानं नको. मोजून बघू. मीटर तुमचं, डोळे तुमचे. मी फक्त सांगतो कसं मोजायचं."

आणि त्यानं सांगितलं ते अगदी सरळ होतं. आज संध्याकाळी मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, उद्या त्याच वेळेला पुन्हा बघायचा. रोजच्यासारखं सगळं चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पंखा बंद, दिवे बंद, फक्त कपाट चालू. दोन आकड्यांत जो फरक पडेल तो पंख्याचा आणि दिव्यांचा. उरेल ते कपाटाचं.

"एवढं कशाला?" काशीराम म्हणाला. "त्याच्या पाठीवर पट्टी हाय, तिच्यावर वॅट लिहिलेत."

"पट्टी सांगते चालू असताना किती खातं. दिवसातून किती वेळ चालू असतं ते पट्टी सांगत नाही. हे यंत्र आपल्या मर्जीनं थांबतं, आपल्या मर्जीनं सुरू होतं. म्हणून पुरा दिवस मोजायचं. आणि दार रोजच्यासारखंच उघडायचं, मुद्दाम कमी नाही की जास्त नाही."

मैना मोरीवर पेले धुवत हे सगळं ऐकत होती. गंगाराम बोलता बोलता कपाटापाशी गेला. त्यानं दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. फुटलेल्या रबराचा तुकडा त्याच्या बोटाला लागून आला. तो त्यानं खाली टाकला, रुमालाला बोट पुसलं आणि वळताना त्याची नजर मैनाच्या नजरेला भिडली. दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलंय. गंगारामनं चित्रांचं पुस्तक उघडलं. त्याला नवं कपाट विकायचं होतं.

दोन दिवस मोजणी झाली. दुसऱ्या दिवशी पंखा बंद म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरली, संध्याकाळी दुकानात कंदील लागला. मग गंगारामनं बाकावर बसून हिशोब मांडला. सगळं चालू असताना साडेपाच युनिटं. एकटं कपाट साडेचार. पंखा आणि दुकानाचे दोन दिवे मिळून एक.

"साडेचार?" काशीरामचा आवाज चिरकला.

"आमचं नवं कपाट अशाच दुकानात दीड युनिट घेतं. दिवसाला तीन युनिटं वाचली. तुमच्याकडे युनिटला तीन आणे, म्हणजे रोजचे नऊ आणे, महिन्याचे जवळजवळ सतरा रुपये. कपाट साडेपाचशेचं. पावणेतीन वर्षांत फिटलं, पुढं सगळा नफा."

काशीरामनं कागद स्वतःकडे ओढून आकडे पुन्हा मोजले. मग म्हणाला, "आणि तो मागचा दिवा? तो किती घेत व्हता?"

"केवढा बल्ब?"

"पंचवीसचा. दोन तास."

गंगारामला गणित करावंही लागलं नाही. "चाळीस तास जळला तर एक युनिट. म्हणजे वीस दिवसांनी तीन आणे. शेठ, तो दिवा कुठला धरता!"

मैनाचे हात थांबले. पाठ वळवूनच ती उभी राहिली. तिच्या मनात स्वच्छ होतं, आता हा माणूस एक शब्द बोलेल. चुकलं वहिनी, एवढंही नको. नुसतं 'वायर जोडून देतो' म्हणाला, तरी मी वळेन आणि सांगेन, भावोजी, कपाट आजारी आहे, मोडकं नाही. रबर बदला, बर्फ काढा, चुलाणापासून हलवा. साडेपाचशे कशाला घालवता?

काशीराम म्हणाला, "जाऊ दे. तोडली ती तोडली. बायकांना दिव्याचं काय काम?"

मैनानं पेला उपडा ठेवला. दुसरा घेतला. त्या घटकेपासून ती काशीरामशी गोड बोलू लागली.

नवं कपाट महिन्याभरात आलं. पांढरंशुभ्र, दुधासारखं. काशीरामनं त्याला हार घातला, नारळ फोडला आणि जुन्याच जागी, चुलाणाच्या कुशीला, उभं केलं. जुनं मागच्या अंगणात पडलं. भंगारवाला बघून गेला आणि त्याला काहीच देईना. मैना पदर सावरून पुढं झाली.

"भावोजी, दोन वर्षांचं माझ्या कामाचं काही मागितलं नाही. त्याबदली हे मला द्या. त्यांची आठवण म्हणून."

काशीराम हसला. "न्या की. तुमच्या नवऱ्याचं मढंच हाय ते. खांदा द्यायला माणसं मात्र तुम्ही बघा."

हे वाक्य मैनानं जपून ठेवलं, जसं कुणी मोहर जपतं.

माणसं तिनं बघितली. बंदराकडच्या राजिवड्यात हफीजा राहायची. तिचा नवरा जहाजावर, वर्षावर्षानं घरी येणारा. घरात वीज होती आणि बंदराच्या वाटेवर उघडणारा मोठा ओटा होता. भागोजी असल्यापासून हफीजा आणि मैनाचा घरोबा. मैनानं तिला सगळं सांगितलं तेव्हा हफीजा म्हणाली, "ओटा वापर गो. पण एक विचारते, धंदा करायचाय की सूड घ्यायचाय?"

"दोन्ही," मैना म्हणाली.

"मग धंदा आधी कर."

कपाट बैलगाडीतून गेलं आणि मैनाचं गाठोडंही; आता ती हफीजाकडेच राहणार होती. मैना गाडीच्या बाजूनं चालत होती आणि गाडीवाल्याला दटावत होती, "उभंच ने रे, आडवं करशील तर बघ." राजिवड्यात नेल्यावर तिनं पदर खोचला. नळ्यांवरची धूळ काढली, ती सुपात भरली इतकी. मोटार स्टँडवर बाबल्या नावाचा मेस्त्री होता. मोटारीच्या दाराला लावायची रबराची पट्टी त्याच्याकडून घेतली. जुनं रबर सुरीनं खरवडलं, कडा सोड्याच्या पाण्यानं पुसल्या, पंक्चरच्या सोल्युशननं नवी पट्टी बसवली आणि दाराला रात्रभर दोरी बांधून ठेवली. कपाट भिंतीपासून हातभर दूर, सावलीत उभं केलं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. यंत्र घरघरलं, चाललं, चाललं आणि थांबलं. ओट्यावर एकदम शांत झालं. हफीजा धावत आली. "बिघडलं काय गो?"

"नाही," मैना म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "बरं झालं."

उन्हाळ्याचे दिवस. लाँचीला जाणारी येणारी माणसं हफीजाच्या ओट्यावर थांबू लागली. कोकमाचं सरबत, वाळ्याचं, लिंबाचं. मैना मोजून साखर घालायची आणि मोजून हसायची. धंदा बसला असं दिसल्यावर तिनं गंगारामचीच रीत लावली. एक पुरा दिवस हफीजाच्या घरचे दिवे बंद, फक्त कपाट चालू. सरबत रोजच्याइतकंच विकलं, दार रोजच्याइतकंच उघडलं. मीटर वाचायला हफीजाचा भाऊ मजीद होता. त्यानं आकडा दोनदा बघितला.

"दोन युनिटं."

"पुन्हा बघ."

"दोनच, बाय. वर काही नाही."

त्या रात्री मैना झोपली नाही, पण आनंदानं. पुन्हा पुन्हा तोच हिशोब. नवं दीड खातं, जुनं दोन. फरक अर्ध्या युनिटाचा. दिवसाला दीड आणा. वर्षाला चौतीस रुपये. आणि त्यासाठी त्यानं घातले साडेपाचशे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कोर्टाच्या मधल्या सुट्टीत, ती बाजारात गेली. दुकान भरलेलं होतं. ती गिऱ्हाइकासारखी बाकावर बसली. काशीरामनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"एक लिंबाचं द्या, भावोजी."

त्यानं पेला आपटला. ती सावकाश प्यायली, पैसे बाकावर ठेवले आणि म्हणाली, "मढं उठून बसलंय. सांगायला आले."

"कसलं मढं?"

"माझ्या नवऱ्याचं. दिवसाला दोन युनिटं खातंय. तुमचं नवं दीड."

"खोटं! गंगारामनं मोजलं व्हतं, साडेचार!"

"मोजलं ते बरोबरच मोजलं. पण तापानं फणफणलेल्या माणसाला पाणी किती लागतं ते मोजून, एरवीही तो तेवढंच पितो असं धरलंत. ताप उतरवायचा कुणी? दाराचं रबर फाटलं व्हतं. आत बर्फाचा डोंगर, बाजूला चुलाण. मी दोन रुपयांत बरं केलं."

काशीरामनं एकदा नव्या कपाटाकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. आणि मग त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना मैनानं बघितलं, आणि त्या दोन वर्षांत तिला एवढं गोड काही लागलं नव्हतं.

"तुला ठाऊक व्हतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडचं 'वहिनी' गेलं, 'तुम्ही' गेलं. "मोजत व्हतो तेव्हा तू तिथंच व्हतीस."

"पेले धुवत व्हते. तुम्ही म्हणालात, बायकांनी यंत्रात पडू नये."

कुणीतरी फिसकन हसलं. कारकुनांतला एक बोटावर हिशोब करत होता. "अर्धं युनिट… दीड आणा… म्हणजे साडेपाचशे फिटायला सोळा वर्षं!"

"सोळा वर्षं!" दुसरा ओरडला आणि दुकान हसण्यात बुडालं.

रत्नागिरीच्या बाजाराला एक नाव मिळायचा अवकाश. आठवड्याच्या आत काशीरामचं नाव 'सोळा वर्षं' पडलं. चल रे, सोळा वर्षांकडे चहा घेऊ. सोळा वर्षं आज लग्नाला आले होते का? पोरं लांबून ओरडायची आणि पळायची. मैनाच्या कानावर हे यायचं आणि ती सरबतात चमचा फिरवत राहायची.

ज्येष्ठाच्या तोंडाशी एका दुपारी जनी ओट्यावर आली. जनी म्हणजे काशीरामची बायको, मैनाची धाकटी जाऊ. भागोजी गेल्यावर त्या घरात मैनाशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच होती. नवऱ्याची पाठ वळली की ताटात एखादी माशाची तुकडी जास्त वाढायची. मैनानं तिला बसायला पाट दिला, सरबत पुढं केलं. जनीनं हात लावला नाही.

"माझी पुतळ्यांची माळ गेली," ती म्हणाली. "आईची व्हती. त्या कपाटासाठी सावकाराकडे ठेवली. तेवढी माळ ठेवायची आणि तीन वर्षांत सोडवायची, असं मला सांगितलंन. सोळा वर्षं कोण थांबणार?"

मैनानं पुढं केलेला पेला खाली ठेवला.

"तुला त्यांच्यावर राग काढायचा व्हता, काढलास. त्यांनी केलं तसं त्यांना मिळालं. पण मला तरी सांगायचंस, बाय. मोरीवर आपण दोघी असायचो. एक शब्द."

"मला माळेचं ठाऊक नव्हतं," मैना म्हणाली.

"विचारलंस कधी, पैसे कुठनं आले?"

जनी उठली. जाता जाता म्हणाली, "आणि आता नव्याचंही बिल चढतंय. काय करावं तेही आम्हाला कळत नाही."

"त्यांना पाठव," मैना म्हणाली. आवाज पुन्हा कडक झाला होता. "स्वतः येऊन विचारू देत. मी सांगेन."

"ते यायचे नाहीत, तुलाही ठाऊक हाय."

"मग चढू दे बिल."

पावसाचे महिने तसेच गेले. लाँची बंद, बंदर ओस, ओट्यावर गिऱ्हाईक नाही. मैना कपाट रिकामं करून पुसून ठेवायची आणि कोकमाचं आगळ बाटल्यांत भरत बसायची. काशीराम आला नाही. बाजारातून कळायचं की नवं कपाटही आता दिवसभर घरघरतं. हे ऐकून तिला पूर्वीसारखं बरं वाटायचं, पण मग जनीचा मोकळा गळा डोळ्यांपुढं यायचा आणि ते बरं वाटणं तिथंच अडकायचं.

भाद्रपदात दोघी विहिरीवर समोरासमोर आल्या. जनीनं घागर उचलली आणि वाट बदलली. मैना तिच्यामागून गेली, तिचा दंड धरला.

"ऐक. काही बोलू नको, फक्त ऐक. कपाट चुलाणापासून हलव. भिंतीपासून हातभर पुढं ओढ. आतला बर्फ बोटभर झाला की बंद करून वितळू दे, सुरीनं खरवडू नको, नळी फुटेल. मागची धूळ महिन्यातून एकदा. चहाचं ऊन ऊन दूध आत ठेवतात ते बंद कर, निवू दे आधी. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नको त्यांना."

जनीनं तिच्याकडे बघितलं. "त्यांच्यासाठी सांगतेस?"

"त्यांना मरताना पाणी द्यायची नाही मी. तुझ्या माळेसाठी."

जनीनं घागर कमरेवर घेतली आणि गेली. पण ऐकलंन. नवऱ्याला म्हणाली, चुलाणाची धग मला सोसत नाही, कपाट पलीकडे सारा. हळूहळू बिल उतरलं. काशीराम गिऱ्हाइकांना सांगू लागला, "नवं यंत्र बसायला वेळ घेतं. आता बसलं. मला पारख हाय." लोक मान डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर म्हणायचे, सोळाची पंधरा झाली म्हणायची.

मैनानं ते ऐकलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सांगितलेलं, आणि पारख त्याची! दिवसभर ती धुमसत होती. माळ पुढच्या वर्षीही सुटली नव्हती. कधी सुटली की नाही, ते जनीनं तिला कळू दिलं नाही. भेटली की बोलायची, पण सरबत प्यायला ओट्यावर कधी चढली नाही.

हफीजानं एकदा विचारलं, "काय गो, राग गेला काय आतातरी?"

पहिली लाँच लागली होती. बंदराकडून माणसं येत होती, उन्हानं लाल झालेली. मैनानं कपाटाचं दार उघडलं, बाटली काढली, दार घट्ट लावलं.

"नाही," ती म्हणाली, आणि पेले मांडू लागली.